लघवी अडते तेव्हा : किती साठली, किती आली, किती उरली

जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन सकाळी साडेदहाला झालं. रुग्णाचं वय 72. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता. जाळी बसवली आणि तासाभरात काम संपलं. दुपारी पाय हलू लागले, चहा-बिस्किट पोटात गेलं, सलाइनच्या तीन बाटल्या संपल्या. संध्याकाळी साडेसहाला सिस्टर विचारतात, "काका, लघवी झाली का?"

"होतेय थोडी थोडी," काका सांगतात. दुखत तर काहीच नाही. मुलाला एवढंच दिसतं, की बाबा सारखं भांडं मागतात, त्यात चमचाभर पडते आणि चादर मात्र ओली होते.

हा प्रसंग उदाहरण म्हणून रचलेला आहे. पण शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काम करणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. त्यातलं सगळ्यात फसवं वाक्य म्हणजे "होतेय थोडी थोडी". मूत्राशय काठोकाठ भरलं, की त्यात न मावणारी लघवी थेंबाथेंबानं बाहेर सांडू लागते. पाहणाऱ्याला वाटतं, लघवी सुरू झाली. प्रत्यक्षात आत पाऊण लिटरहून जास्त लघवी अडकलेली असते आणि बाहेर येते ती त्यावरची सांड.

लघवी अशी तुंबली, तर वेळेत ओळखल्यावर आराम मिळायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. ओळखायला उशीर झाला, तर मूत्राशयाचं नुकसान कित्येक आठवडे, कधी कायमचं, राहतं. ते ओळखण्यापासून नळी निघेपर्यंतच्या सगळ्या निर्णयांना आधार असतो तो तीन आकड्यांचा : आत किती साठली, बाहेर किती आली आणि नंतर आत किती उरली.

दोन बाजूंनी येणारा अडथळा

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिली लघवी आरामात मावते. दीडशे-दोनशे मिली जमली, की पहिली जाणीव होते. चारशेच्या पुढे ती टाळणं अवघड होतं. मग मूत्राशयाचा स्नायू आकुंचन पावतो, त्याच वेळी खालची झडप सैल होते आणि मूत्राशय जवळजवळ रिकामं होतं. हा ताळमेळ मणक्याच्या अगदी खालच्या टोकाकडून येणाऱ्या नसा सांभाळतात.

पुरुषांमध्ये मूत्राशयाच्या तोंडाशीच प्रोस्टेट ग्रंथी असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. पन्नाशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. वाढीचा आकार आणि त्रास यांचं प्रमाण मात्र सरळ नसतं. मोठी प्रोस्टेट असूनही कुणाला काही होत नाही, तर लहानशा वाढीनंही कुणाचा मार्ग चेपतो. आतल्या स्नायूंचा ताण वाढला, की मार्ग आणखी आवळला जातो. धार बारीक होणं, सुरू व्हायला वेळ लागणं, रात्री तीन-चारदा उठावं लागणं ही त्याची लक्षणं. बहुतेक घरांत ती "वयामुळे होतं" म्हणून सोडून दिली जातात. एवढ्यावर कित्येक वर्षं निभावतं, कारण मूत्राशयाचा स्नायू जास्त जोर लावून अडथळ्यावर मात करत असतो.

मग एखादं किरकोळ निमित्त पुरतं. सर्दीच्या गोळीतलं नाक मोकळं करणारं औषध प्रोस्टेटमधले स्नायू आवळतं. त्याच गोळीतलं झोप आणणारं ॲलर्जीचं औषध मूत्राशयाचा जोर कमी करतं. चार दिवसांची बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग, लांबच्या एसटी प्रवासात तास न् तास धरून ठेवलेली लघवी किंवा रात्रीचं मद्यपान, यांतलं काहीही त्या तोललेल्या व्यवस्थेला ढकलायला पुरेसं असतं.

शस्त्रक्रियेनंतर हे ढकलणं दुसऱ्या बाजूनं होतं. पाठीतल्या इंजेक्शनमुळे पायांच्या नसा बधिर होतात, तशाच मूत्राशयाच्या नसाही होतात. आणि त्या सगळ्यात शेवटी जाग्या होतात. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या बुपिव्हाकेन या औषधाचा असर असा, की पाय हलू लागल्यावरही मूत्राशयाची ताकद पूर्ण परतायला इंजेक्शनपासून सात-आठ तास लागू शकतात. तेवढ्या वेळात सलाइनमुळे लघवी मात्र तयार होतच राहते. त्यात मॉर्फिनसारखं वेदनाशामक दिलेलं असेल, हर्निया, मूळव्याध किंवा खुब्याचं ऑपरेशन असेल आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर धोका आणखी वाढतो.

आपल्या उदाहरणातल्या काकांच्या बाबतीत दोन्ही बाजू एकत्र आल्या होत्या. धार तीन वर्षांपासून बारीक होती. ऑपरेशनच्या आठवडाभर आधीपासून ते सर्दीची गोळी घेत होते. कुणी विचारलं नाही आणि त्यांनाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

दुखणं नसलं तरी

घरी लघवी अडते, तेव्हा चूक व्हायला जागा कमी असते. ओटीपोट तट्ट फुगतं, हात लावू देत नाही, माणूस घामाघूम होऊन येरझाऱ्या घालतो. अशा वेळी घरची माणसं हमखास एक गोष्ट करतात : लघवी सुटावी म्हणून नारळपाणी, धण्या-जिऱ्याचं पाणी, जवाचं पाणी एकामागून एक पाजतात. लघवी कमी तयार होत असेल, तर याचा काही उपयोग असतो. इथे ती तयार होतेच आहे, पण बाहेर पडायला वाट नाही. पाजलेला प्रत्येक पेला थोड्या वेळानं त्याच बंद मूत्राशयात जाऊन पडतो आणि वेदना वाढवतो. गरम पाण्याच्या पिशवीनं थोडं शेकून एकदा प्रयत्न करायला हरकत नाही. पण ओटीपोट फुगलेलं असताना थेंबही येत नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

लघवी अडण्याबरोबर पाठीत जोराची कळ, पायांत अशक्तपणा किंवा बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला असेल, तर प्रश्न प्रोस्टेटचा नसून मणक्यातल्या नसा दबल्याचा असू शकतो. हे लक्षण दवाखान्यात पोचताक्षणी सांगावं. तिथे तासांनाही महत्त्व असतं.

ऑपरेशननंतर मात्र वेदनेची ही घंटाच वाजत नाही. बधिर मूत्राशय 800 मिलीपर्यंत भरलं, तरी माणूस शांतपणे झोपलेला असू शकतो. जास्त ताणलेलं इलॅस्टिक जसं सैल पडतं, तसा फार वेळ ताणलेल्या मूत्राशयाचा स्नायूही दमतो. भूल उतरली, अडथळाही दूर झाला, तरी तो पूर्वीच्या जोरानं आकुंचन पावत नाही. म्हणून वॉर्डात "दुखतंय का?" या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबून चालत नाही. मोजावं लागतं.

ओटीपोटावर ठेवलेलं यंत्र

मोजण्याचं साधन म्हणजे ब्लॅडर स्कॅनर. हा एक लहानसा सोनोग्राफीचा संच असतो आणि तो सिस्टर खाटेजवळ आणून वापरू शकतात. रुग्णाला उताणं झोपवतात, यंत्रावर पुरुष की स्त्री ते निवडतात, ओटीपोटाच्या खालच्या हाडाच्या बोटभर वर जेली लावतात आणि यंत्राचं टोक किंचित पायांच्या दिशेनं झुकवून धरतात. पडद्यावर मूत्राशय काळं दिसतं. ते मध्यभागी आणून बटण दाबलं, की काही सेकंदांत आकडा येतो. अनुभवी सिस्टर दोन-तीनदा मोजून पाहतात, कारण टोक थोडं तिरकं झालं, तरी आकडा कमी येतो.

छोट्या गावातल्या रुग्णालयात हे यंत्र नसतं. तिथे साधं सोनोग्राफी मशीन तेच काम करतं. मूत्राशयाची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला 0.52 नं गुणायचं. समजा, 13, 12 आणि 10 अशी मापं आली, तर गुणाकार 1560 आणि आतली लघवी सुमारे 810 मिली. सोनोग्राफीही नसेल, तर हाताची बोटं आहेतच. भरलेलं मूत्राशय बेंबीकडे चढत गेलेलं हाताला लागतं आणि टिचकी मारली, की ढब्ब आवाज येतो. लठ्ठ माणसात किंवा ताज्या टाक्यांजवळ मात्र हात फसतो.

यंत्रही फसतं. 15-20 टक्क्यांची चूक नेहमीची धरावी. पोटात पाणी झालं असेल, तर यंत्र त्यालाच लघवी समजतं आणि मोठा आकडा दाखवतं. जाड ड्रेसिंग, जखमेचा जुना व्रण किंवा जाड पोट असेल, तर कमी दाखवतं. त्यामुळे आकडा आणि रुग्ण यांचा मेळ बसत नसेल, तर पुन्हा मोजावं आणि पूर्ण सोनोग्राफी करून घ्यावी.

ऑपरेशननंतर चार तासांत लघवी झाली नाही, तर मोजायला सुरुवात करावी. सहा तासांपुढे न मोजता थांबू नये, अशी अनेक रुग्णालयांची पद्धत आहे. नळी घालायची वेळ कोणती, याची रेषा ठिकाणाप्रमाणे 400 ते 600 मिलीच्या दरम्यान ठरवलेली असते. आकडा 250 असेल, माणूस निवांत असेल, तर त्याला उठवून उभं करावं, पडदा लावून एकांत द्यावा आणि तासाभरानं पुन्हा मोजावं. आडवं पडून, लोकांच्या देखत, भांड्यात लघवी करणं कित्येक पुरुषांना जमत नाही. केवळ उभं राहू दिल्यानं काहींची नळी टळते.

काकांचं मूत्राशय संध्याकाळी पावणेसातला मोजलं. आकडा आला 780. इथे वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

नळी घालताना

लघवीची नळी म्हणजे फोली कॅथेटर. टोकापाशी फुगा असलेली ही नळी अमेरिकन युरोलॉजिस्ट फ्रेडरिक फोली यांच्या नावानं ओळखली जाते आणि 1930च्या दशकापासून तिचं मूळ रूप फारसं बदललेलं नाही. तिची जाडी फ्रेंच मापात सांगतात. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांश. पुरुषांना साधारण 14 किंवा 16 नंबरची नळी घालतात. 16 नंबर म्हणजे जेमतेम सव्वापाच मिलिमीटर जाडी. हे ऐकून रुग्णाची निम्मी भीती जाते, म्हणून ते सांगावं.

उरलेली भीती जाते ती बधिर करणाऱ्या जेलीनं, पण तिला वेळ द्यावा लागतो. 10 ते 15 मिली लिग्नोकेन जेली मूत्रमार्गात हळूहळू सोडायची आणि निदान तीन ते पाच मिनिटं थांबायचं. घाईच्या वॉर्डात नेमकं हेच थांबणं गाळलं जातं. मग नळीला नुसतीच जेली फासून ती आत सरकवली जाते आणि रुग्ण कळवळतो. रुग्णानं किंवा नातेवाइकांनी "जेली टाकून थोडं थांबाल का?" असं नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही.

नळी निर्जंतुक पद्धतीनं घालतात. शिश्न सरळ वर ताणून धरलं, की मूत्रमार्गातला बाक सरळ होतो. प्रोस्टेटजवळ थोडा अडथळा लागतो. तिथे रुग्णाला लांब श्वास घ्यायला किंवा लघवी केल्यासारखं करायला सांगून हलका, सलग दाब द्यायचा. जोर लावायचा नाही. नळी शेवटच्या दुफाट्यापर्यंत पूर्ण आत गेली आणि लघवी वाहू लागली, की मगच 10 मिली निर्जंतुक पाण्यानं फुगा फुगवायचा.

हा क्रम का सांभाळायचा, ते समजून घ्यायला हवं. नळीचं टोक अजून मूत्रमार्गातच असताना फुगा फुगवला, तर मार्ग फाटतो, रक्त येतं आणि पुढे तिथे व्रण होऊन मार्ग कायमचा अरुंद होऊ शकतो. फुगवताना तीव्र वेदना झाली, हा धोक्याचा इशारा मानून तिथेच थांबायचं असतं. नळी अडत असेल, तर प्रोस्टेटसाठी खास बाक दिलेल्या टोकाची नळी मिळते. तीही जात नसेल, तर पुन्हा पुन्हा टोचत बसण्यापेक्षा युरोलॉजिस्टला बोलवावं. तेही शक्य नसेल, तर ओटीपोट बधिर करून तिथून थेट मूत्राशयात नळी घालता येते. शेवटी पुढची कातडी पूर्ववत पुढे ओढायची. ती मागेच राहिली, तर काही तासांत सुजून अडकते आणि नवंच संकट उभं राहतं.

काकांच्या पिशवीत पहिल्या दहा मिनिटांत 850 मिली लघवी आली. स्कॅननं 780 सांगितले होते, म्हणजे फरक यंत्राच्या नेहमीच्या चुकीतलाच. हा पहिला आकडा केस पेपरवर लिहिणं फार गरजेचं असतं, कारण पुढचा अंदाज त्यावर बांधला जातो. एक लिटर किंवा त्याहून जास्त निघाली असेल, तर नळी काढल्यावर लघवी पुन्हा अडण्याची शक्यता वाढते.

एकदम सगळी लघवी काढली, तर रक्तस्राव होईल किंवा रक्तदाब पडेल, म्हणून दर 200 मिलीला चिमटा लावून थांबायची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून दिसते. तसं थांबल्यानं फायदा होतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पूर्ण लघवी सलग काढली जाते. कधी थोडी लालसर येते, ती बहुधा आपोआप साफ होते.

खरं लक्ष ठेवायचं, ते पुढच्या काही तासांत किती लघवी होते त्यावर. काही जणांची लघवी एका दिवसात तुंबलेली नसते. महिनोन् महिने, फारसं न दुखता, ती साठत गेलेली असते. रात्री झोपेत अंथरूण ओलं होणं ही तिची खूण. अशा माणसांच्या मूत्रपिंडांवर उलटा दाब येऊन क्रिएटिनिन वाढलेलं असतं. वाट मोकळी झाल्यावर मूत्रपिंडं तासाला 200 मिलीहून जास्त लघवी सलग काही तास टाकू लागली, तर शरीरातलं पाणी आणि क्षार घटू शकतात. अशा रुग्णाला रुग्णालयात ठेवून रक्ततपासणी करत राहावं लागतं. काकांचं क्रिएटिनिन 1.1 होतं आणि लघवी तासाला 80-90 मिलीवर स्थिरावली. तो धोका टळला.

नळी काढून पाहण्याचा दिवस

तरुण माणसाची लघवी ऑपरेशननंतर अडली आणि 500 मिली निघाली, तर बरेचदा नळीनं एकदा मूत्राशय रिकामं करून ती लगेच काढून घेतात; भूल उतरली, की प्रश्न मिटतो. काकांची धार आधीपासून बारीक होती आणि 850 मिलीपर्यंत मूत्राशय ताणलं गेलं होतं. त्याला विसावा हवा होता. म्हणून नळी ठेवली आणि त्याच रात्री टॅमसुलोसिनची 0.4 मिलिग्रॅमची गोळी सुरू केली.

टॅमसुलोसिन किंवा अल्फुझोसिन ही औषधं प्रोस्टेटमधले आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात. प्रोस्टेट त्यांनी लहान होत नाही, पण वाट थोडी रुंदावते. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे लघवी अडलेल्या पुरुषांवर अल्फुझोसिनचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात नळी काढल्यावर गोळी घेणाऱ्या 100 पैकी सुमारे 62 जणांना आपली आपण लघवी झाली. औषध नसलेली गोळी दिलेल्यांमध्ये हे प्रमाण 48 होतं. म्हणजे औषधाची मदत होते, पण ते हमी देत नाही. या गोळीनं उभं राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून अंथरुणातून सावकाश उठावं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल, तर ही गोळी चालू आहे किंवा होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही.

गोळीला दोन-तीन दिवस दिले, की नळी काढून पाहतात. नळी नुसती जास्त दिवस ठेवून यश वाढतंच असं नाही. जंतुसंसर्ग मात्र दिवसागणिक वाढत जातो. या मधल्या दिवसांत पोट साफ ठेवणं, सर्दीची ती गोळी बंद करणं आणि चालतं-फिरतं राहणं, या गोष्टी औषधाइतक्याच कामाच्या असतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला काकांची नळी काढली. सिरिंजनं फुग्यातलं पाणी काढून घेतलं, की नळी सहज बाहेर येते. वेळ सकाळची निवडतात, म्हणजे लघवी पुन्हा अडली, तर ती दिवसाउजेडी, डॉक्टर हजर असताना कळते. त्यानंतर तासाला एक पेला पाणी प्यायचं. भराभर लिटरभर पाणी प्यायल्यानं परीक्षा लवकर होत नाही. उलट नुकतंच सावरलेलं मूत्राशय पुन्हा ताणलं जातं. प्रत्येक लघवी मापाच्या भांड्यात करायची, आकडा लिहायचा आणि लगेच स्कॅन करून आत किती उरली, ते पाहायचं.

साडेआठला काकांना 110 मिली झाली आणि स्कॅनवर 240 उरलेली दिसली. एवढंच पाहून कुणी "झाली लघवी" म्हणत घरी सोडलं असतं, तर ते घाईचं ठरलं असतं, कारण बाहेर आली त्याच्या दुपटीहून जास्त आतच होती. सव्वादहाला 180 झाली, 170 उरली. साडेबाराला 220 झाली आणि 110 उरली. आता दिशा स्पष्ट होती. दरवेळी बाहेर येणारी लघवी वाढत होती आणि उरणारी कमी होत होती. एका वेळी दीडशे-दोनशे मिलीहून जास्त लघवी व्हावी आणि मागे दीडशे-दोनशेच्या आत उरावी, अशी ढोबळ कसोटी बहुतेक ठिकाणी लावतात. काका दुपारी घरी गेले. पंधरा दिवसांनी उरलेल्या लघवीची सोनोग्राफी आणि युरोलॉजिस्टची भेट ठरवून दिली होती. प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीसाठी मात्र त्यांना काही आठवडे थांबायला सांगितलं, कारण लघवी तुंबणं आणि नळी, या दोन्हींनी तो आकडा फुगतो आणि विनाकारण कर्करोगाची धास्ती बसते.

दिवस असाच जाईल, असं नाही. दुपारपर्यंत प्रत्येक वेळी 40-50 मिलीच होत असेल, ओटीपोट जड होत असेल आणि स्कॅन 400-450 दाखवत असेल, तर नळी पुन्हा घालावी लागते. रुग्णाला हा स्वतःचा पराभव वाटतो, पण तसं काही नसतं. मूत्राशयाला आणखी वेळ हवा, एवढाच त्याचा अर्थ. बहुधा एक-दोन आठवड्यांनी आणखी एकदा नळी काढून पाहतात. तेव्हाही जमलं नाही, तर प्रोस्टेटचा अडथळा दुर्बिणीनं किंवा लेसरनं काढण्याचा विचार होतो. ज्यांच्या मूत्राशयाचा जोरच संपला आहे किंवा ज्यांना ऑपरेशन झेपणारं नाही, त्यांना दिवसातून काही वेळा स्वतः बारीक नळी घालून लघवी काढायला शिकवता येतं. कायम नळी बाळगण्यापेक्षा बऱ्याच जणांना ते सोयीचं पडतं.

नळी घेऊन घरी आल्यावर

दुसऱ्या प्रयत्नापर्यंत नळी घेऊन घरी राहावं लागलं, तर थोडीच पथ्यं नीट पाळावीत. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. नळी मांडीला चिकटपट्टीनं बांधावी, म्हणजे ओढ बसत नाही. नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडू नये. रोज साबण-पाण्यानं नळीभोवतीची जागा धुवावी. नळी असताना लघवी थोडी गढूळ दिसणं किंवा तपासणीत जंतू सापडणं नेहमीचं आहे. ताप, थंडी किंवा कुशीत दुखणं नसेल, तर त्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही. थंडी वाजून ताप आला, पिशवीत रक्ताच्या गाठी दिसल्या किंवा चार तास पिशवीत काहीच आलं नाही आणि ओटीपोट दुखू लागलं, तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात जावं.

यापेक्षा मोठी चूक शांतपणे घडते. नळी घातली, त्रास थांबला, माणूस घरी आला आणि ती काढायची कधी, हे कुणीच ठरवलं नाही. साधी लॅटेक्सची नळी तीन-चार आठवड्यांपुढे ठेवायची नसते. सिलिकॉनची नळी असली, तरी तीन महिने ही तिची हद्द. तरीही कित्येक वडीलधारी माणसं महिनोन् महिने तीच नळी घेऊन बसलेली असतात. संसर्ग होतात, खडे जमतात आणि घराबाहेर पडणं बंद होतं. कदाचित तिसऱ्याच दिवशी त्यांना आपली आपण लघवी झाली असती.

म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाला आणि त्याच्या घरच्यांना एक विनंती. कोणतंही ऑपरेशन ठरलं, की लघवीची धार कशी आहे, रात्री किती वेळा उठावं लागतं आणि कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, हे भूलतज्ज्ञांना न विचारता सांगा. ऑपरेशननंतर सहा तासांत नीट लघवी झाली नाही, तर "मोजून बघा" असा आग्रह धरा, दुखत नसलं तरीही. नळी घालावीच लागली, तर घरी निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावर दोन गोष्टी लिहून घ्या : नळी घातली तेव्हा किती मिली लघवी निघाली आणि नळी कोणत्या तारखेला काढून पाहायची आहे.